यंत्र बेचाळीस दिवस उशिरा आलं, मग मुदत किती मागायची?

*मी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आहे. प्रकल्प लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर आहे. कार्बनचं प्रमाण बदलून चार प्रकारचे इलेक्ट्रोड बनवलेत. प्रत्येकाचे तीन कॉइन सेल शंभर वेळा चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता किती टिकते ते पाहायचंय. त्यासाठीचा बॅटरी टेस्टर २० जानेवारीला येणार होता, आला ३ मार्चला आणि चालू झाला १४ मार्चला. आठ चॅनेलपैकी सहा माझ्याकडे आहेत, दोन दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे. खरं सांगायचं तर माझंही पहिलं कोटिंग सुटून आलं होतं, दुसऱ्यांदा केलेले इलेक्ट्रोड १० फेब्रुवारीला तयार झाले. पहिले सहा सेल १६ मार्चला लावले. अहवाल ३० एप्रिलला द्यायचाय. मॅडमना मेल लिहून ठेवलाय, पाठवायचं धाडस होत नाही: "आदरणीय मॅडम, उपकरण खूप उशिरा आल्यामुळे माझे प्रकल्पाचे काम पूर्ण होऊ शकलेले नाही. माझी काहीही चूक नसताना माझे नुकसान होत आहे. तरी कृपया मला मुदतवाढ द्यावी, ही नम्र विनंती." मित्र म्हणतो, दोन महिने माग म्हणजे एक तरी मिळेल, आणि एप्रिलच्या शेवटी पाठव म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. काय करू?*
*— एक विद्यार्थिनी*

मेल पाठव, याच आठवड्यात पाठव. पण हा पाठवू नकोस.

तुझ्या मसुद्यात नम्रपणा भरपूर आहे, तारीख मात्र एकही नाही. मॅडम तो वाचतील आणि पहिला प्रश्न विचारतील, "किती दिवस हवेत?" त्याचं उत्तर आलं की दुसरा, "एवढेच का?" मग तिसरा, "यंत्र नव्हतं तोवर काय केलंस?" या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्याच मेलमध्ये असतील, तर त्यांना फक्त हो किंवा नाही ठरवायचं उरतं. ती नसतील तर निर्णय लांबतो आणि लांबलेले दिवस तुझ्याच मुदतीतून जातात.

आधी हिशेब करू, मजकूर नंतर. तुझ्या पत्रात तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळलेत: यंत्र किती उशिरा आलं, त्यामुळे तुझं काम किती अडलं, आणि आता तुला किती दिवस लागतील. मुदतवाढ मागणारे बहुतेक जण पहिला आकडा घेतात आणि तोच तिसरा म्हणून पुढे करतात. यंत्र सहा आठवडे उशिरा आलं, म्हणून सहा आठवडे द्या! वाचणाऱ्याला हे पटत नाही, कारण मधल्या काळात तू हातावर हात ठेवून बसली नव्हतीस हे त्यालाही माहीत असतं.

२० जानेवारी ते ३ मार्च म्हणजे ४२ दिवस. हा पुरवठादाराचा उशीर. टेस्टर वेळेवर आला असता तरी जोडणी, तपासणी यांत साधारण तेवढेच अकरा दिवस गेले असते, म्हणजे तो जानेवारीअखेर चालू झाला असता. पण तुझे इलेक्ट्रोड तेव्हा कुठे तयार होते? ते १० फेब्रुवारीला झाले. म्हणजे यंत्रावाचून तुझं काम खरोखर अडलं ते १० फेब्रुवारी ते १४ मार्च, ३२ दिवस. त्याआधीचे दिवस कोटिंगमध्ये गेले, ते यंत्राच्या खात्यावर टाकता येत नाहीत. तू हे मला प्रांजळपणे लिहिलंस, तसंच मॅडमनाही लिही. कोटिंग सुटलं हे त्यांना बहुधा माहीतच असेल. आणि माहीत असताना मेलमध्ये "माझी काहीही चूक नसताना" असं वाक्य आलं, की पुढच्या प्रत्येक आकड्याकडे त्या संशयाने बघतील. तसं पाहिलं तर वाळलेलं कोटिंग फॉइलवरून सुटणं ही चूकसुद्धा नाही. बाइंडरचं प्रमाण, वाळवण्याचा वेग, फॉइल नीट पुसलं होतं की नाही, यातलं काहीही कारण असू शकतं. प्रयोगशाळेत वावरलेल्या कुणालाही हे नवीन नाही.

आता तिसरा आकडा, ज्यावर सगळं अवलंबून आहे. तुझ्या कामात एक गोष्ट अशी आहे जी रात्रभर जागूनही लवकर होत नाही, ती म्हणजे टेस्टरवरचा वेळ. अहवालाचं प्रकरण दोन रात्रींत लिहिता येईल, पण शंभर फेऱ्यांना जेवढे तास लागतात तेवढे लागतातच. ते मांडून दाखव.

सेल बंद केल्यावर इलेक्ट्रोलाइट नीट मुरावा म्हणून बारा तास विश्रांती. मग C/10 वर तीन फॉर्मेशन फेऱ्या. C/10 म्हणजे दहा तास चार्ज, दहा तास डिस्चार्ज, एका फेरीला वीस तास, तीन फेऱ्यांना साठ. त्यानंतर C/2 वर शंभर फेऱ्या: दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज, आणि दोन्हींनंतर दहा-दहा मिनिटांचा थांबा. म्हणजे फेरीला चार तास वीस मिनिटं आणि शंभर फेऱ्यांना साधारण ४३३ तास. सगळं मिळून ५०५ तास, म्हणजे एकवीस दिवस. तुझा प्रोटोकॉल वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण हिशेब असाच. सेलची प्रत्यक्ष क्षमता गृहीत धरलेल्या क्षमतेपेक्षा थोडी कमी भरली तर फेरी जरा लवकर संपते, तेव्हा पहिल्या सेटच्या लॉगमधून प्रत्यक्ष वेळ बघून घे. अंदाजापेक्षा यंत्रावरून घेतलेला आकडा केव्हाही चांगला.

चार प्रकार गुणिले तीन सेल म्हणजे बारा. चॅनेल सहा. म्हणून एकवीस दिवसांचे दोन सेट. पहिला १६ मार्चला लागला, तो ६ एप्रिलला संपेल. दुसरे सेल आधीच बनवून ठेवले आणि ७ एप्रिलला लावले, तर दुसरा सेट २८ एप्रिलला संपेल. अहवालाच्या दोन दिवस आधी! पहिल्या सेटचे आलेख आणि त्यावरचं लिखाण दुसरा सेट चालू असताना होईल, त्याला वेगळे दिवस मागू नकोस. दुसऱ्या सेटचे आलेख आणि तुलना यांना तीन दिवस धर, शेवटचं प्रकरण लिहायला सात, मॅडमना वाचायला पाच, दुरुस्त्यांना दोन. ही झाली १५ मे.

त्यात तीन दिवस राखीव ठेव आणि ते कुठून आले तेही सांग. एखादा सेल बिघडला तर ते बहुतेक वेळा फॉर्मेशनमध्येच कळतं. चार्ज करताना व्होल्टेज वरच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, मध्येच डगमगत राहतं, आणि आत घातलेला चार्ज क्षमतेच्या पलीकडे गेला तरी संपत नाही. हे आत कुठेतरी हलकं शॉर्ट झाल्याचं लक्षण. असा सेल काढून दुसरा लावायचा, तर बारा तासांची विश्रांती आणि साठ तासांचं फॉर्मेशन पुन्हा करावं लागतं, म्हणजे ७२ तास, बरोबर तीन दिवस. असा राखीव वेळ कुणी कापत नाही. नुसतं "सुरक्षिततेसाठी एक आठवडा" म्हटलं की तो आठवडा सगळ्यात आधी कापला जातो.

म्हणजे तुला १८ मे हवी आहे. यंत्र ४२ दिवस उशिरा आलं, काम ३२ दिवस अडलं आणि तू मागतेस १८ दिवस. उरलेले दिवस तू मधल्या काळात इतर कामं उरकून भरून काढलेत, हे न सांगताही दिसतं.

मेल असा लिहिता येईल. जिथे मी तुझ्या कामाबद्दल अंदाज केलाय तिथे खरी माहिती घाल.

विषय: प्रकल्प अहवाल – १८ मेपर्यंत मुदतवाढीची विनंती (सध्याची मुदत ३० एप्रिल)

*आदरणीय मॅडम,*

*माझ्या प्रकल्प अहवालाची मुदत ३० एप्रिलऐवजी १८ मे करावी, अशी विनंती आहे.*

*बॅटरी टेस्टर २० जानेवारीला अपेक्षित होता. तो ३ मार्चला आला आणि जोडणी व तपासणीनंतर १४ मार्चपासून वापरता येऊ लागला. माझे पहिले कोटिंग सुटल्याने इलेक्ट्रोड १० फेब्रुवारीला तयार झाले, त्यामुळे यंत्राअभावी प्रत्यक्षात अडलेला काळ १० फेब्रुवारी ते १४ मार्च एवढा आहे. या काळात चारही नमुन्यांचे एक्सआरडी पूर्ण केले असून पहिली दोन प्रकरणे लिहून झाली आहेत. ती सोबत जोडली आहेत.*

*एका सेटला विश्रांती, फॉर्मेशन आणि १०० फेऱ्या मिळून सुमारे ५०५ तास, म्हणजे २१ दिवस लागतात. सहा चॅनेलवर १२ सेलसाठी दोन सेट करावे लागतील. पहिला १६ मार्चला सुरू झाला असून ६ एप्रिलला संपेल, दुसरा ७ ते २८ एप्रिल चालेल. त्यानंतर विश्लेषण, शेवटचे प्रकरण, आपले वाचन आणि दुरुस्त्या धरून १५ मे होते. एखादा सेल बदलावा लागल्यास फॉर्मेशन पुन्हा करण्यासाठी तीन दिवस राखून १८ मे ही तारीख सुचवली आहे. दिवसवार वेळापत्रक सोबत आहे.*

*एवढी मुदत शक्य नसल्यास दुसऱ्या सेटमध्ये ५० फेऱ्याच करून ९ मेपर्यंत अहवाल देता येईल. मुदत अजिबात वाढवता येत नसल्यास पहिल्या सेटमधील दोन प्रमाणांवरच अहवाल ३० एप्रिलला देईन.*

*दुसऱ्या सेटचे सेल ५ एप्रिलला बनवायचे आहेत. त्याआधी यापैकी काय करावे हे कळले तर त्याप्रमाणे तयारी करेन. मुदतवाढीसाठी विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागत असल्यास तोही लगेच देते. डिलिव्हरी चलन आणि इन्स्टॉलेशन रिपोर्टच्या प्रती जोडल्या आहेत.*

*आपली विद्यार्थिनी,*
*(नाव, वर्ग, रोल नंबर)*

एवढ्या लांबीचा मेल मॅडम वाचतील का, अशी शंका तुला येईल. नाही वाचला तरी विषय आणि पहिलं वाक्य यांतून मागणी कळते. बाकीचा मजकूर त्यांना तुझी विनंती पुढे विभागप्रमुखांकडे पाठवताना लागणार आहे. तो त्यांना स्वतः लिहावा लागू नये, एवढ्यासाठी तो आहे.

५० फेऱ्यांचा पर्याय कुठून आला ते सांगते. पन्नास फेऱ्या कमी केल्या की पन्नास गुणिले चार तास वीस मिनिटं, म्हणजे जवळपास नऊ दिवस वाचतात. म्हणून १८ ची ९ मे होते. पण त्याची किंमत आहे. पहिल्या दोन प्रमाणांची तुलना शंभराव्या फेरीवर होईल आणि चारही प्रमाणांची फक्त पन्नासाव्या फेरीवर. कार्बन कमी असलेला इलेक्ट्रोड सुरुवातीला ठीक चालून साठ-सत्तर फेऱ्यांनंतर ढासळू लागला, तर ते तुझ्या आलेखात दिसणारच नाही. हे मॅडमना माहीत आहे, तुलाही माहीत असल्याचं त्यांना दिसलं पाहिजे. मेलमध्ये जागा नाही, भेटीत बोल. आणि पर्याय लिहिताना असाच लिही जो तू खरोखर करशील. नुसता समजूतदारपणा दाखवायला लिहिलेला पर्याय मंजूर झाला की पंचाईत होते.

भेटीत एक प्रश्न हमखास येईल, त्याची तयारी ठेव. "प्रत्येकाचे तीन कशाला? दोन-दोनच लाव." चार प्रकारांचे दोन-दोन म्हणजे आठ सेल, तेही सहा चॅनेलवर एका सेटमध्ये बसत नाहीत. दुसऱ्या विद्यार्थ्याचे दोन चॅनेल मिळाले तर बसतात, पण मग त्याचं काम थांबतं. शिवाय तुझा पहिला सेट आधीच चालू आहे, तो मध्येच थांबवला तर झालेले तास वाया जातात. पण खरं कारण त्याहून मोठं आहे. हाताने बनवलेल्या कॉइन सेलमध्ये फरक पडतोच. इलेक्ट्रोड मध्यभागी बसला नाही, क्रिम्पिंग थोडं सैल झालं, इलेक्ट्रोलाइटचा थेंब कमी-जास्त झाला. दोन सेलचे निकाल वेगळे आले तर बिघडलेला कोणता हे सांगता येत नाही. तीन असले आणि दोन जवळपास सारखे आले, तर तिसऱ्याकडे बोट दाखवायला काही आधार तरी असतो. तुझ्या चार प्रमाणांमधला फरक मुळात थोडासाच असेल, तर सेलसेलमधला हा फरक त्याला गिळून टाकेल. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात, आणि तेव्हा उत्तर मॅडमनाही द्यावं लागतं. त्यांना हा मुद्दा पटायला वेळ लागणार नाही.

मसुद्यातून "माझे नुकसान होत आहे" हेही काढ. यंत्राची खरेदी मॅडमच्याच सहीने झाली असण्याची शक्यता आहे. कोटेशन, मंजुरी, ऑर्डर या साखळीत उशीर कुठे झाला हे तुला माहीत नाही, आणि माहीत असलं तरी या मेलचा तो विषय नाही. कुणाला दोष न देता नुसत्या तारखा लिहिल्या की उशीर आपोआप दिसतो. "आला" आणि "वापरता येऊ लागला" या दोन तारखा मात्र वेगळ्या लिही. खोकं प्रयोगशाळेत आलं त्या दिवशी काम सुरू झालं असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मधल्या दिवसांत तुम्ही एखादा माहीत असलेला रेझिस्टर लावून यंत्र तपासलं असेल (एक किलोओह्ममधून एक मिलिअँपिअर सोडला की एक व्होल्ट दिसायला हवा, प्रत्येक चॅनेलवर), तर त्याची नोंद वहीत असेल. विचारलं तर ते पान दाखव.

आता तुझा मित्र. दोन महिने मागून एक पदरात पाडून घ्यायचा सल्ला भाजीबाजारात ठीक आहे. इथे समोरच्या बाईंना शंभर फेऱ्यांना किती तास लागतात ते तुझ्याइतकंच कळतं. फुगवलेला आकडा त्या मनातल्या मनात पाच मिनिटांत तपासतील. आणि एप्रिलअखेरपर्यंत थांबण्यात दुहेरी तोटा आहे. पाच एप्रिलच्या आधी निर्णय झाला तर शंभर फेऱ्या करायच्या की पन्नास, हे ठरवायला वाव राहतो. २५ एप्रिलला विचारलंस तर दुसरा सेट संपत आलेला असेल, बदलायला काहीच उरलेलं नसेल आणि मॅडमसमोर हो म्हणा नाहीतर विद्यार्थिनीचं वर्ष धोक्यात, असा पेच असेल. अशा पेचात टाकणारा विद्यार्थी शिक्षकांच्या लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने नव्हे.

आणखी एक गोष्ट आधी शोधून काढ: ३० एप्रिल ही तारीख कुणाची आहे? मॅडमनी आपल्या सोयीसाठी दिलेली असेल तर त्या एका ओळीच्या उत्तरात ती बदलू शकतात. विभागाची असेल तर अर्ज, त्यावर गाइडची शिफारस आणि विभागप्रमुखांची सही लागेल. विद्यापीठाची किंवा परीक्षा विभागाची असेल, मौखिक परीक्षेची तारीख ठरून बाहेरच्या परीक्षकांना कळवलेली असेल, तर मॅडमच्या हातात फारसं काही नाही आणि तुझा तिसरा पर्यायच पहिला होतो. वर्गप्रतिनिधीला किंवा कार्यालयात विचारलंस तर दहा मिनिटांत कळेल. कळल्यावरच मेल पाठव, कारण अर्जाबद्दलचं वाक्य त्याप्रमाणे बदलावं लागेल.

चार दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरा लांबलचक मेल नको. त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिही, "मॅडम, सेल ५ एप्रिलला बनवायचे आहेत, त्याआधी पाच मिनिटं भेटता येईल का?" आणि भेटायला जाताना वेळापत्रकाचा कागद हातात ठेव. बऱ्याच मॅडम आणि सर मेलला उत्तर देत नाहीत, पण दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला "ठीक आहे, कर" म्हणतात. असं तोंडी उत्तर मिळालं तर त्याच संध्याकाळी पुन्हा मेल कर: "आज आपण सांगितल्याप्रमाणे अहवाल १८ मेपर्यंत देत आहे आणि दोन्ही सेट १०० फेऱ्यांचे करत आहे." मे महिन्यात सुट्ट्या लागतात, शिक्षक गावी जातात, आणि १५ तारखेला कार्यालयातला माणूस विचारतो की मुदत वाढवली कुणी. तेव्हा दाखवायला ही ओळ हाताशी हवी.